गोल टेबलासाठी किती मीटर?

"काका, चार फुटी गोल टेबल आहे. त्याला टेबलक्लॉथ शिवायचाय. दीड मीटर पुरेल ना?"

कापडाच्या दुकानात हा प्रश्न आला की जाणता दुकानदार कात्रीला हात लावत नाही, आधी उलटे प्रश्न विचारतो. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या दुकानात होईल असा एक संवाद इथे मांडला आहे. माणसं आणि भाव कल्पनेतले आहेत, हिशेब मात्र पडताळून पाहावा असा आहे.

"टेबल मोजलं कसं, ताई?"

"मधोमध टेप धरली. अठ्ठेचाळीस इंच."

"मध्य अंदाजाने धरला असेल, तर आकडा कमीच येतो. घरी गेल्यावर एकदा असं करून बघा. टेपचं एक टोक कडेवर दाबून ठेवायचं आणि दुसरं समोरच्या कडेवरून डावी-उजवीकडे सरकवायचं. सगळ्यांत मोठा आकडा येईल तो व्यास. दोन-तीन ठिकाणांहून बघा. जुनं लाकडी टेबल सगळीकडून सारखं गोल असतंच असं नाही."

"तसंच मोजलंय हो. सासऱ्यांनीच टेप धरली होती."

"मग अठ्ठेचाळीस पक्के. आता कडेवरून खाली किती लोंबायला हवं?"

या प्रश्नाचं उत्तर खुर्चीत दडलेलं असतं. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं आणि खुर्चीची बैठक १८ इंचांवर. म्हणजे टेबलाची वरची कड आणि बैठक यांत १२ इंचांचं अंतर राहतं. कापड त्याहून जास्त लोंबलं, तर ते बसणाऱ्याच्या मांडीवर येतं आणि उठताना ओढलं जातं. आठ ते दहा इंच लोंब रोजच्या वापराला सोयीची. ताईंनी दहा ठरवले आणि लगेच बेरीजही केली.

"अठ्ठेचाळीस आणि दहा, अठ्ठावन्न."

"आणि समोरच्या बाजूला बसणाऱ्याने काय केलं? लोंब दोन्ही बाजूंना आहे ना? अठ्ठेचाळीस, इकडचे दहा, तिकडचे दहा. अडुसष्ट."

लोंब एकदाच धरली जाणं ही या हिशेबातली नेहमीची चूक आहे. व्यास टेबलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो, त्यामुळे कडेबाहेर जे काही लागेल ते दोनदा धरावं लागतं. दुमडीचंही तसंच.

"दुमड दोन इंच ठेवू या," ताई म्हणाल्या. "आमच्या पडद्यांना तेवढीच आहे. काठ कसा भारदस्त दिसतो."

काका थांबले. काउंटरवरच्या रद्दी कागदातून त्यांनी ताटलीएवढी चकती कापली आणि ताईंच्या हातात दिली. "हिची कड बोटभर आत दुमडून दाखवा बरं."

ताईंनी दुमडायला घेतली. पहिली घडी बसली, पण पुढे सरकताच कागदाला चुण्या पडू लागल्या. निम्मी चकती होईपर्यंत कड पार चुरगळून गेली.

पडद्याची कड सरळ असते. ती दुमडली की कापलेली कड जिथे जाऊन बसते, तिथेही लांबी तेवढीच असते. वर्तुळात तसं होत नाही. कड आत वळवली की तिला आपल्यापेक्षा लहान वर्तुळावर बसावं लागतं आणि जास्तीचं कापड चुण्या होऊन वर येतं. हे जास्तीचं कापड किती, तेही काढता येतं. ताईंच्या टेबलक्लॉथची तयार त्रिज्या ३४ इंच. दोन इंच दुमड ठेवायची तर कापायचं ३६ इंच त्रिज्येवर, आणि आत वळवल्यावर ती कड ३२ इंचांवर बसणार. त्रिज्येत फरक चार इंचांचा, म्हणून परिघात फरक ४ गुणिले ६.२८, जवळजवळ २५ इंच. दोन फुटांहून जास्त कापड कुठेतरी जिरवायचं आहे आणि त्याला जागाच नाही.

या हिशेबातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी, की त्यात टेबलाचं माप कुठेच येत नाही. टेबल दोन फुटी असो की सहा फुटी, दोन इंचांच्या दुमडीत जास्तीचं कापड तेच २५ इंच. मोठ्या टेबलाला ते लांब कडेवर पसरतं म्हणून कमी खुपतं, लहान टेबलावर लगेच दिसतं. म्हणजे त्रास कमी करण्याचा एकच उपाय उरतो, दुमड बारीक ठेवणं.

"अर्धा इंच ठेवा," काका म्हणाले. "पाव इंच एकदा वळवायचा, पुन्हा पाव इंच वळवून शिवायचा. मग जिरवायला तीनेक इंचच राहतात, तेही साडेसतरा फुटांहून लांब कडेवर. इस्त्रीच्या वाफेने बसून जातात."

"आणि मला रुंद काठच हवा असेल तर?"

"मग दुमडू नका, वेगळी पट्टी लावा. कापडाच्या तिरप्या धाग्यावर कापलेली, उरेब पट्टी. ती ताणली जाते म्हणून गोलाईवर वळते. पण रोजच्या टेबलाला बारीक दुमडच टिकते."

म्हणजे अडुसष्टमध्ये दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच मिळवला की ६९. एवढ्या व्यासाचं वर्तुळ कापायला हवं. कापताना हात मोकळा राहावा म्हणून काकांनी लांबी ७० धरली.

"सत्तर इंच म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास ना? द्या की मग."

"लांबीला पुरेल. पन्ह्याचं काय?"

खरी गाठ इथे आहे. ताईंनी निवडलेलं छापील कॉटन ४४ इंच पन्ह्याचं होतं. ६९ इंचांचं वर्तुळ त्यातून एकसंध निघणं शक्यच नाही. चादरीचं कापड ९० इंच पन्ह्याचं मिळतं आणि त्यात जोड लागत नाही, पण त्यातली नक्षी ताईंना पसंत पडली नाही. मग जोड आला. सत्तर-सत्तर इंचांचे दोन तुकडे घेऊन मधोमध जोडणं सोपं वाटतं, पण तसं केलं की शिवण बरोबर टेबलाच्या मध्यावरून जाते. तिथेच भाजीचं पातेलं ठेवायचं असतं आणि तिथेच सगळ्यांची नजर जाते. म्हणून अखंड पन्हा मध्ये ठेवायचा आणि उरलेलं दोन्ही बाजूंना जोडायचं.

काकांनी पावतीच्या मागे वर्तुळ काढलं आणि त्यातून दोन उभ्या रेघा ओढल्या. "मधला पन्हा ४४. दोन्ही शिवणींत एकेक बाजूला अर्धा इंच गेला, दिसायला राहिले ४३. म्हणजे शिवण मध्यापासून साडेएकवीस इंचांवर येते. तुमच्या टेबलाची कड आहे चोविसावर."

"म्हणजे शिवण टेबलावरच."

"कडेच्या अडीच इंच आत. ताटाची कड किंवा पाण्याचा पेला नेमका तिच्यावर येणार. आणि हे कापड बघा, यावर मोर उभे आहेत. गोल टेबलाला चारी बाजूंनी माणसं बसतात, समोरच्याला मोर उलटेच दिसणार. गोल टेबलाला दिशा नसलेली नक्षी घ्यावी, नाहीतर साधा रंग."

त्यांनी मागच्या कप्प्यातून दुसरा तागा काढला. निळं, साधं, जरा जाड कॉटन, पन्हा ५४. त्यावर सगळं चित्रच पालटलं. मधला पट्टा दिसायला ५३ इंच, म्हणजे शिवण मध्यापासून साडेसव्वीसवर. टेबलाच्या कडेच्या बाहेर, लोंबत्या भागात. वर एकही जोड नाही.

"आता बाजूचे तुकडे बघा," काका म्हणाले. "ते काही सत्तर इंच लांब लागत नाहीत. वर्तुळाच्या कडेचा काप आहे तो, टोकांकडे निमुळता. लांबी ४८ पुरते, रुंदी दहा. आणि ४८ तर आपल्या पन्ह्यात आडवे बसतात. म्हणजे दहा-दहाच्या दोन पट्ट्या आडव्या काढल्या की वीस इंचांत काम झालं. सत्तर आणि वीस, नव्वद."

सरळ दोन लांब तुकडे घेतले असते तर १४० इंच लागले असते. हा फरक फक्त वर्तुळाचा आकार नीट पाहिल्याने पडला. मात्र अशा आडव्या पट्ट्यांत कापडाचे उभे-आडवे धागे फिरतात. साध्या कॉटनमध्ये ते जाणवत नाही. रेघांच्या किंवा चमक असलेल्या कापडात पट्ट्या लगेच वेगळ्या दिसतात, तिथे हा मार्ग चालत नाही.

"कॉटन आहे, आटणार," काकांनी आठवण केली. "शेकडा चार धरू. धुतल्यावर नव्वद उरायला हवेत, म्हणजे आत्ता चौऱ्याण्णव. दोन मीटर चाळीस सेंटीमीटर."

"हे महाग आहे ना पण?"

"मीटरला दोनशे दहा. मोरांचं एकशे साठ. पण ते तुम्हाला आटण धरून तीन मीटर पस्तीस लागलं असतं, पाचशे छत्तीस रुपये. हे पाचशे चार."

ताईंनी मान डोलावली. "शिंप्याला काय सांगू?"

"आधी धुवा, इस्त्री करा, मगच त्याच्याकडे द्या. शिवून झाल्यावर आटलं तर कड वाकडी होते. शिंप्याने आधी जोड घालायचे, पट्ट्यांचा मध्य मधल्या तुकड्याच्या मध्यावर आणून. मग शिवणीवर शिवण येईल अशी उभी घडी आणि त्यावर आडवी घडी, अशी चौपदरी करायची. घडीचा बंद कोपरा म्हणजे मध्य. तिथे टेप टाचणीने पक्की करून साडेचौतीस इंचांवर खडूने कमान काढायची. सुतळी वापरू नका, ती ताणते. चार पदर एकदम कापताना सरकतात, म्हणून टाचण्या मारून घ्यायच्या."

"आणि दुमड?"

"कडेपासून पाव इंचावर आधी मोठ्या टाक्यांची एक शिवण फिरवायची. तिचा दोरा हलका ओढला की कड आत झुकते, मग घडी बसते. मशीनवर कड हाताने खेचायची नाही. वर्तुळात चार ठिकाणी कापड तिरपं येतं, तिथे ते ताणलं जातं. खेचून शिवलं की कड लाटेसारखी हलते. इस्त्रीनंतरही लाट राहिली, तर कड ताणली गेली असं समजायचं. चुण्या आत ओढल्यासारख्या दिसल्या, तर दुमड रुंद झाली."

"कडेला पांढरी लेस लावली तर?"

"लेसला व्यास नाही, परीघ लागतो. तयार व्यास अडुसष्ट, गुणिले ३.१४, म्हणजे दोनशे चौदा इंच. पाच मीटर चव्वेचाळीस. टोकं एकमेकांवर यायला साडेपाच घ्या. आणि सुती लेस असेल तर तीही आधी भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटेल आणि काठ गोळा होईल."

काकांनी टेबलावर तागा उलगडला, मीटरपट्टीने दोन मीटर चाळीस मोजलं आणि कात्री लावली.