तांब्याखालची सावली

जेवणाच्या टेबलाचा फोटो. त्यातला स्टीलचा पेला काढून तिथे पितळी तांब्या बसवायचा. फोटोशॉपमध्ये ते काम झालं, आणि महिन्याभराने ग्राहक म्हणतो, तांब्या थोडा डावीकडे घ्या. आता फाइल दुसऱ्या एडिटरकडे आहे. समोर Layer 7, Layer 7 copy, Layer 7 copy 2. तो तांब्या सरकवतो, पण सावली जुन्याच जागी राहते, कारण ती टेबलाच्या दुरुस्तीतच मिसळून टाकलेली असते. मग पेला पुसण्यापासून सगळं पुन्हा.

म्हणून मूळ फोटो कुलूप लावून तळाशी ठेवावा. पेला पुसण्याचं काम वेगळ्या रिकाम्या लेअरवर करावं, नाव ‘पेला पुसला’. तांब्या स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून, कडा मास्कने झाकलेल्या. खोडलेलं परत येत नाही, झाकलेलं येतं. सावल्या दोन ठेवाव्यात: ‘सावली बुडाशी’ गडद आणि बारीक, ‘सावली लांब’ मऊ. दोन्ही Multiply मध्ये.

फोटोशॉपची History Log कोणती क्रिया झाली ते टिपते, कारण टिपत नाही. ते हाताने लिहावं लागतं: ‘उजेड डावीकडच्या खिडकीतून. तांब्याचा मूळ फोटो उलटा फिरवला, कारण त्यावरची चमक उजवीकडे होती. लांब सावली 18 पिक्सेल ब्लर. टेबलाची कड अजून बाकी.’ माझ्या मते त्यातलं शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं. पुढचा माणूस तिथूनच हात घालतो.