A-203 चे पैसे कुठून आले?

ऑगस्टच्या हिशेबात A-203 चा मेंटेनन्स भरलेला दिसत होता, पण बँकेच्या खात्यात ते पैसे आलेच नव्हते. डोंबिवलीतल्या एका 48 फ्लॅटच्या सोसायटीची ही गोष्ट. दोन विंग आहेत, लिफ्ट आहे, पगारी मॅनेजर नाही. हिशेबाचं काम महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका शिक्षिकेकडे आहे. सोसायटीत सगळे त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणतात. आयुष्यभर भूगोल आणि मराठी शिकवलेल्या बाईंनी ही एक्सेलची शीट स्वतः उभी केली आणि महिन्याच्या महिन्याला त्याच ती चालवतात.

मेंटेनन्सचं बिल म्हणजे सगळ्यांना एकच आकडा, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात आदर्श उपविधींनी प्रत्येक रकमेची वाटणी वेगळी ठरवून दिली आहे. वॉचमन, साफसफाई, ऑफिसखर्च यांचं सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं असतं. पाण्याचे पैसे नळांच्या संख्येवर लागतात. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का असतो. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क लागतं, आणि 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही.

आता A-202 चं बिल पाहू. सेवाशुल्क 1,500. बांधकाम खर्च 9 लाख 60 हजार धरला, तर सिंकिंग फंडाचे महिन्याला 200 आणि दुरुस्तीचे 600. सहा नळ, प्रत्येकी 60, म्हणजे 360. चारचाकीच्या पार्किंगचे 400. एकूण 3,060 रुपये. शेजारचा A-203 तेवढाच मोठा, पण त्यांच्याकडे गाडी नाही, म्हणून त्यांचं बिल 2,660.

बाईंच्या आधी हे सगळं दर महिन्याला हाताने टाइप व्हायचं. कोणी गाडी घेतली किंवा भाडेकरू ठेवला की एका ठिकाणी बदल व्हायचा आणि दुसऱ्या ठिकाणी राहून जायचा. बाईंनी माहिती वेगळी केली. ‘सभासद’ या पानावर प्रत्येक फ्लॅटची एकच ओळ: नंबर, नाव, नळ, पार्किंग, भाडेकरू आहे की नाही. ‘जमा’ या पानावर आलेला प्रत्येक पैसा: फ्लॅट नंबर, तारीख, रक्कम. ‘बिल’ या पानावर फ्लॅट नंबर सोडला तर काहीच टाइप करायचं नाही. बाकी सगळं लुकअपने तिथे येतं.

लुकअप म्हणजे हजेरीपटात रोल नंबर शोधून त्याच ओळीत पुढे बोट सरकवत नेण्यासारखं आहे. एक्सेलला चार गोष्टी सांगायच्या: काय शोधायचं, कुठे शोधायचं, सापडलेल्या ओळीतला कितवा रकाना हवा, आणि तंतोतंत तेच हवं की जवळपासचं चालेल. ही चौथी गोष्ट लिहायची राहिली तर एक्सेल थांबत नाही, चूक दाखवत नाही. ‘जवळपासचं चालेल’ असं आपल्या मनानेच धरून चालतं.

ऑगस्टमध्ये नेमकं हेच झालं होतं. कोणी किती भरले ते आणणारं सूत्र असं होतं:

```
=VLOOKUP(A2,'जमा'!$A$2:$C$60,3)
```

त्या महिन्यात 47 जणांनी पैसे भरले, A-203 ने भरले नाहीत. त्यामुळे ‘जमा’च्या पानावर A-202 नंतर थेट A-204 ची ओळ होती. सूत्राने A-203 शोधलं, सापडलं नाही, म्हणून त्याच्या आधीचा सर्वांत जवळचा नंबर उचलला. A-202 चे 3,060 रुपये A-203 च्या नावावर दिसू लागले आणि थकबाकीदाराची थकबाकी नाहीशी झाली.

बाईंच्या हे लक्षात आलं, कारण बिलं पाठवण्याआधी त्या दोन बेरजा शेजारी शेजारी मांडतात. बँकेच्या स्टेटमेंटप्रमाणे जमा 1,27,840. बिलाच्या पानावरची जमा 1,30,900. फरक 3,060. मग 3,060 आकडा कुठे कुठे आहे ते त्यांनी पाहिलं, आणि गाडी नसलेल्या A-203 समोर गाडीवाल्याचं बिल भरलेलं दिसलं. 2,660 चं बिल असताना कोणी 400 जास्त कशाला भरेल? सूत्राच्या शेवटी एक शब्द घातला आणि प्रश्न मिटला:

```
=VLOOKUP(A2,'जमा'!$A$2:$C$60,3,FALSE)
```

आता A-203 समोर `#N/A` आलं. म्हणजे असा नंबर त्या यादीत नाही. पुष्कळ लोक ही खूण घाबरून झाकतात. बाईंच्या पुतण्यानेही `IFERROR` लावून तिथे शून्य दिसेल अशी सोय करून दिली होती, बाईंनी ती काढून टाकली. माझ्या मते त्यांनी योग्य केलं. पैसे न भरलेला सभासद आणि नंबर चुकीचा टाइप झालेला सभासद, दोघांसमोर शून्यच दिसायला लागलं तर खजिनदाराला फरक कळणार कसा?

सप्टेंबरच्या हिशेबाने वेगळाच प्रश्न पुढे आणला. A-301 चे काका पुढचं बिल घेऊन आले. “बाई, मी सगळे पैसे भरलेत. मग हे 660 बाकी कसले, आणि वर 11 रुपये 55 पैसे व्याज कसलं?” त्यांच्याकडे दोन पावत्या होत्या, 2,000 ची आणि 660 ची. दोन्ही रकमा ‘जमा’च्या पानावर होत्या आणि सूत्राच्या शेवटी `FALSE` सुद्धा होतं. तरी शीट 2,000 च धरत होती, कारण `VLOOKUP` पहिली जुळणारी ओळ सापडली की तिथेच थांबतं. खाली त्याच नंबरच्या आणखी ओळी असल्या तरी ते पाहत नाही. व्याजाची आकडेमोड मात्र बरोबर होती. उपविधींनी घालून दिलेली कमाल मर्यादा सालाना 21 टक्के सरळव्याजाची आहे, आणि त्या दराने 660 रुपयांवर एका महिन्याचं व्याज 11.55 च होतं. हिशेब बरोबर आणि रक्कमच चुकीची, अशी चूक नुसतं बिल पाहून कोणालाही दिसत नाही.

बाईंनी तेव्हा शीटची रचनाच बदलली. फ्लॅटमागे एकदाच असणारी गोष्ट, म्हणजे नाव, नळ, पार्किंग, ती लुकअपने आणायची. एकापेक्षा जास्त वेळा येऊ शकणारी गोष्ट, म्हणजे जमा रक्कम, ती शोधायची नाही, तिची बेरीज करायची:

```
=SUMIFS('जमा'!$C$2:$C$60,'जमा'!$A$2:$A$60,A2)
```

‘जमा’चं पान त्या दर महिन्याला नवं घेतात, म्हणून सूत्रात महिन्याची अट नाही. सगळ्या वर्षाची जमा एकाच पानावर असेल तर तारखेची अट घालावीच लागते.

बेरजेलाही एक धोका आहे. `SUMIFS` कधी `#N/A` दाखवत नाही. ‘जमा’च्या पानावर कोणी A-203 ऐवजी A203 लिहिलं, तर ती रक्कम कोणाच्याच नावावर चढत नाही, आणि कोणी ओरडतही नाही. त्यासाठी बाईंनी लुकअप उलट्या दिशेने वापरला आहे. ‘जमा’च्या प्रत्येक ओळीपुढे ‘सभासद’ पानावरून नाव आणणारं सूत्र आहे. रक्कम टाकली की शेजारी नाव उमटतं. `#N/A` आलं तर नंबर तिथल्या तिथे दुरुस्त करायचा.

एकदा नंबर अगदी बरोबर दिसत असूनही नाव येईना. बाईंनी शेजारच्या रिकाम्या घरात `=LEN(A7)` लिहिलं. A-203 मध्ये पाच अक्षरं आहेत, उत्तर आलं सहा. बँकेच्या स्टेटमेंटमधून कॉपी करताना शेवटी एक मोकळी जागा चिकटून आली होती. अशी साधी मोकळी जागा `TRIM` काढून टाकतं. पण नेट बँकिंगच्या पानावरून आलेली जागा कधीकधी वेगळ्या जातीची असते आणि `TRIM` ला दाद देत नाही. तेव्हा नंबर पुसून नव्याने टाइप केलेला बरा. आता बाईंनी त्या रकान्यात फ्लॅट नंबरांची यादीच लावली आहे. नंबर टाइप न करता यादीतून निवडायचा.

इतकं सांगून झाल्यावर ‘जवळपासचं चालेल’ हा पर्याय वाईटच, असं वाटेल. पण एका ठिकाणी बाई तो मुद्दाम वापरतात. सेवाशुल्क 1 एप्रिल 2023 पासून 1,300 होतं, 1 एप्रिल 2024 पासून ते 1,500 झालं. जुनी थकबाकी काढताना फेब्रुवारी 2024 ला कोणता दर लावायचा? दरांच्या पानावर फेब्रुवारीची ओळच नाही. तिथे आधीची सर्वांत जवळची तारीखच हवी असते:

```
=VLOOKUP(B2,'दर'!$A$2:$B$6,2,TRUE)
```

उत्तर 1,300 येतं, आणि ते बरोबर आहे. अट एवढीच, की तारखा जुन्याकडून नव्याकडे क्रमाने लावलेल्या असाव्यात. क्रम बिघडला तर कुठलाही दर येऊ शकतो, आणि तोही कसलाही इशारा न देता.

नव्या एक्सेलमध्ये `XLOOKUP` आहे. ते काही न सांगता तंतोतंत तेच शोधतं, म्हणजे ऑगस्टची चूक त्यात झालीच नसती. बाईंनी ते वापरून पाहिलं, पण सेक्रेटरींच्या लॅपटॉपवर एक्सेल 2016 आहे आणि तिथे `#NAME?` दिसू लागलं. शीट दोघांनाही उघडता यायला हवी, म्हणून जुनंच सूत्र चालू आहे.

या सगळ्या काटेकोरपणाला कायद्याचं कारण आहे. महाराष्ट्रात गृहनिर्माण संस्थेला थकबाकी वसूल करायची असेल, तर सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यासोबत थकबाकीचा हिशेब जोडावा लागतो. त्या हिशेबात काकांचे 660 चुकीने थकीत दिसले, तर सभासद ते दाखवून देणार आणि सोसायटीच्या बाकीच्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. आणि A-203 चे पैसे चुकीने भरलेले दिसले, तर सोसायटीने अर्ज करायचा कोणाविरुद्ध?

तुमच्या सोसायटीची शीट तुम्ही सांभाळत असाल, तर या महिन्याची बिलं पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहा. नाव आणि रक्कम आणणाऱ्या सूत्रांच्या शेवटी `FALSE` आहे का, आणि शीटमधली एकूण जमा बँकेतल्या जमेशी रुपयाला रुपया जुळते का. शीटमध्ये जास्त दिसत असेल तर कोणाचे तरी पैसे दोनदा धरले गेले आहेत, कमी दिसत असेल तर कोणाचे तरी सुटले आहेत. आणि शीट दुसरं कोणी सांभाळत असेल, तर वार्षिक सभेत या दोन बेरजा मागून घ्या. सभासद म्हणून तो तुमचा हक्क आहे.