संत्र्याच्या सालीने जंतू मेले खरे, पण कुठे? काचेत की माशात?



आपल्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात संत्र्याला तोटा नाही आणि संत्र्याच्या सालीला तर कोणी विचारतही नाही. त्यामुळे "संत्र्याच्या सालीच्या अर्काने माशांच्या रोगाचे जंतू मारले" असा एखादा शोधनिबंध मोबाईलवर आला की आपले कान टवकारतात. साल फुकटात मिळते, तलाव जवळ आहे, आणि रोहू-कतल्याच्या अंगावर लाल चट्टे दिसले की जीव खालीवर होतो तो वेगळाच. मग मनात येतं, दोन ट्रॉल्या साल तलावात टाकून पाहायला काय हरकत आहे?

हरकत आहे. आणि ती त्याच निबंधात दोन शब्दांत लिहिलेली असते. बहुतेक वेळा तिरप्या अक्षरांत एक शब्द असतो, 'इन व्हिट्रो', नाहीतर दुसरा, 'इन व्हिव्हो'. हे दोन शब्द ओळखता आले की बाकीचं इंग्रजी समजलं नाही तरी चालतं. म्हणून आज एवढंच समजून घेऊ.

दोन्ही शब्द लॅटिन भाषेतले. इन व्हिट्रो म्हणजे 'काचेत'. इन व्हिव्हो म्हणजे 'जिवंत अंगात'. पहिल्या प्रयोगात मासा नसतोच. काचेची बशी असते आणि तिच्यात जंतू असतात. दुसऱ्या प्रयोगात खरा, पोहणारा, खाणारा मासा असतो.

आधी काचेतला प्रयोग कसा होतो ते पाहू. चट्टे पडलेल्या माशाच्या अंगातून जंतू काढतात. गोड्या पाण्यात हा बऱ्याचदा एरोमोनास हायड्रोफिला नावाचा जंतू असतो. एका चपट्या काचेच्या बशीत अगार ओततात. अगार म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेली, जेलीसारखी घट्ट होणारी खळ. तिच्यावर जंतू सारखे पसरवतात. मग ६ मिलिमीटर रुंदीची कागदाची गोल चकती सालीच्या अर्कात भिजवून त्यावर ठेवतात आणि बशी रात्रभर उबेला ठेवतात. सकाळी बशीभर जंतूंची साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर चकतीभोवती मात्र एक स्वच्छ गोल दिसतो, तिथे जंतू वाढलेले नसतात. हा गोल पट्टीने मोजतात आणि निबंधात लिहितात, "गोलाची रुंदी १४ मिलिमीटर".

हा आकडा वाचताना दोन गोष्टी बघायच्या. त्या १४ मध्ये ६ मिलिमीटरची चकती बहुधा धरलेली असते, म्हणजे मोकळी जागा चकतीच्या दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटरच. दुसरं असं की अर्क काढायला पुष्कळदा अल्कोहोल वापरतात आणि अल्कोहोल स्वतःच जंतू मारतं. म्हणून शेजारी नुसत्या अल्कोहोलची एक चकती ठेवावी लागते. तिच्याभोवती गोल नसेल तरच श्रेय सालीचं. निबंधात या नुसत्या चकतीचा उल्लेख नसेल तर तो गोल कोणामुळे पडला हे सांगता येत नाही.

एवढं सगळं नीट केलेलं असलं तरी त्यातून कळतं ते इतकंच, की हा अर्क आणि हा जंतू थेट अंगाला अंग लावून ठेवले तर जंतू वाढत नाही. ही माहिती कामाची आहे. शंभर झाडपाल्यांतून पुढे कोणते दहा तपासायचे हे त्यावरून ठरतं. पण तलावात काय होईल, हे त्या बशीला माहीत नाही. का, ते आकड्यांनी बघू.

समजा निबंधात लिहिलं आहे की जंतू थांबवायला सालीचं तेल दर मिलिलिटरमागे २ मिलिग्रॅम लागलं. ऐकायला चिमूटभर वाटतं. आता आपला एक एकराचा तलाव घ्या. एक एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर. पाणी सरासरी दीड मीटर, म्हणजे पाच फूट धरू. पाणी झालं ६,००० घनमीटर, म्हणजेच ६० लाख लिटर. मिलिलिटरला २ मिलिग्रॅम म्हणजे लिटरला २ ग्रॅम. साठ लाख लिटरला १२,००० किलो. बारा टन, आणि तेही सालीचं नाही, सालीतून काढलेल्या तेलाचं! बशीत जे चिमूटभर होतं ते तलावात ट्रकभर झालं.

पण खर्चाची गोष्ट सोडा, मोठी अडचण पुढे आहे. संत्र्याच्या सालीच्या तेलातला मोठा भाग लिमोनिन नावाच्या द्रव्याचा असतो. संत्रं सोलताना हाताला जो वास लागतो तो मुख्यतः त्याचाच. पाण्यातल्या जिवांना अतिशय विषारी, अशा वर्गात हे द्रव्य टाकलेलं आहे. फॅटहेड मिनो नावाच्या छोट्या माशावर याची चाचणी झाली. लिटरमागे सुमारे ०.७ मिलिग्रॅम एवढ्याने चार दिवसांत निम्मे मासे मेले. आपल्या एक एकराच्या तलावात हा हिशेब साधारण सव्वाचार किलोचा होतो. म्हणजे जंतू थांबवायला लागणार बारा टन आणि मासोळीला धोका सुरू होणार चार-पाच किलोपासून. उघड्या तलावात लिमोनिन लवकर उडून जातं आणि प्रत्येक माशाची सहनशक्ती वेगळी, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण फरक हजारो पटींचा आहे, तो एवढ्याने भरून निघत नाही. बशीत मासा नव्हता, म्हणून मासा मरतो हे बशीला दिसूच शकलं नाही.

आणि नुसती साल टाकली तर? ती पाण्यात कुजते आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. चट्ट्यांनी दहा मासे मेले असते, तिथे प्राणवायू संपून सगळा तलाव पांढरा व्हायचा.

आता जिवंत माशातला प्रयोग बघू. तो असा चालतो. सारख्या वजनाचे मासे टाक्यांत सोडतात आणि आठ-पंधरा दिवस त्यांना रुळू देतात. मग गट पाडतात. एका गटाला साधं खाद्य, दुसऱ्याला तेच खाद्य पण त्यात औषध मिसळलेलं. प्रत्येक गटाच्या निदान तीन टाक्या ठेवतात, म्हणजे एखादी टाकीच खराब निघाली तर फसगत होत नाही. काही आठवडे असं खाऊ घालून मग सगळ्या माशांच्या पोटात मोजून जंतू टोचतात आणि पुढचे चौदा-एक दिवस रोज मेलेले मासे मोजतात. मेलेल्या माशातून तोच जंतू परत निघतो का, हेही तपासतात.

समजा साध्या खाद्याच्या ३० माशांपैकी २० मेले आणि औषधवाल्या ३० पैकी ८ मेले. म्हणजे जिथे वीस मरायचे तिथे आठच मेले, बारा वाचले. विसात बारा म्हणजे ६० टक्के संरक्षण. निबंधात हा आकडा 'सापेक्ष संरक्षण' अशा अर्थाच्या नावाने येतो. इथे साध्या खाद्याचा गट फार महत्त्वाचा. तो नसेल आणि "आमचे ३० पैकी २२ मासे जगले" एवढंच लिहिलं असेल, तर औषधाशिवायही २२ जगले असते की काय, हे कोणालाच सांगता येणार नाही.

संत्र्याच्या बाबतीत असा एक खरा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. तुर्कस्तानच्या संशोधकांनी सालीचं तेल पाण्यात ओतलं नाही, तर तिलापिया माशाच्या खाद्यात मिसळून दिलं आणि नंतर जंतू टोचले. तेल खाल्लेल्या माशांची रोगाला तोंड देण्याची ताकद वाढलेली दिसली. म्हणजे सालीत काहीच नाही असं आम्ही म्हणत नाही. पण नीट वाचा. मासा तिलापिया होता, रोहू नव्हता. जंतू स्ट्रेप्टोकोकस होता, एरोमोनास नव्हता. फळ आपल्या मोसंबीच्या जातीचं होतं, नागपुरी संत्रं वनस्पतिशास्त्रात वेगळ्या जातीचं. आणि मासे प्रयोगशाळेत होते, आपल्या गढूळ, बारा भानगडींच्या तलावात नव्हते. 'इन व्हिव्हो' लिहिलं की आपल्या तलावाचं उत्तर मिळालं असं नाही. एक पायरी वर चढलो, एवढंच.

याच्या उलटही घडतं, तेही सांगायला हवं. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाचं लाल रंगद्रव्य तपासलं. काचेत ते जंतूंना काहीच करत नव्हतं. पण जंतू टोचलेल्या उंदरांना दिलं तर उंदीर वाचले. हे काम १९३५ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये कारण उलगडलं. अंगात गेल्यावर प्रॉन्टोसिल फुटून त्यातून सल्फानिलामाइड निघतं आणि खरं काम ते करतं. काचेत अंग नव्हतं, म्हणून औषध फुटलं नाही. फक्त बशीवर विसंबले असते, तर ते औषध तिथेच फेकलं गेलं असतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी असा निबंध हातात आला की आधी त्यात मासा शोधा. 'अगार', 'चकती', 'गोलाची रुंदी' असे शब्द असतील आणि किती मासे मेले-जगले हे कुठेच नसेल, तर ती काचेतली गोष्ट आहे. तिच्या भरवशावर तलावात काहीही टाकू नका. मासा सापडला, तर विचारा: कोणता मासा, औषध पाण्यातून दिलं की खाद्यातून, आणि औषध न दिलेल्या गटाचं काय झालं? ही तिन्ही उत्तरं आपल्या कामाशी जुळली, तरी आधी एका टाकीत किंवा हाप्यात थोड्या माशांवर बघावं, शेजारी औषधाशिवायचा दुसरा हापा लावून. सगळा तलाव पणाला लावायचा नाही.

आणि संत्र्याची साल? ती तूर्तास खताच्या खड्ड्यात जाऊ द्या. तलावात नको.