पावसाळ्यात आतला कपडा कोणता घालावा?

जुलैमध्ये डोंबिवलीहून लोकलने मुंबईला जाऊन दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्या माणसाच्या जांघेत दुपारपर्यंत घाम साचतो. त्याला खाज सुटली की दोष हमखास सिंथेटिक चड्डीवर येतो. पण सुती चड्डीही इथे निर्दोष नाही.

प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस साधारण 8 ग्रॅम ओलावा शोषतो. मोडाल, म्हणजे बीच झाडाच्या लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा, त्याहून जास्त शोषतो. नायलॉन 4 ग्रॅमच्या आसपास, तर पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. म्हणून थोडा घाम असेल तोवर सुती आणि मोडाल कपडा अंगाला कोरडा वाटतो. घाम वाढला की कापूस भिजून फुगतो, अंगाला चिकटतो आणि सावकाश वाळतो. मग चालताना ओली शिवण मांडीला घासते. मोडालचा धागा गुळगुळीत असल्याने घर्षण कमी होतं, पण भिजला की तोही लवकर वाळत नाही. पॉलिएस्टरमध्ये घाम धाग्यांमधल्या फटींतून पसरतो आणि वारा लागला तर झटकन उडतो. खेळाच्या सैल कपड्यांत हे जमतं. जाड जीन्सच्या आत वारा लागणार कुठून? शिवाय पॉलिएस्टर त्वचेचं तेल धरून ठेवतं, त्यामुळे धुतल्यावरही वास राहतो.

त्या दुकानातल्या माणसाला मी सैलसर सुती चड्डी सुचवेन, आणि दुपारी बदलायला पिशवीत दुसरी कोरडी. मांड्या घासून सोलवटत असतील तर मांडीपर्यंत येणारी मोडालची बरी. ओली चड्डी दिवसभर अंगावर राहणं हे कापडाच्या निवडीपेक्षा जास्त बाधतं.

कडेला लालसर, पसरत जाणारं वर्तुळ दिसलं तर तो बहुधा नायटा. मग धुण्याला फार महत्त्व येतं. 30-40 अंशांच्या धुण्यात ही बुरशी टिकू शकते आणि इतर कपड्यांनाही लागू शकते. 60 अंशांवर मशीनचा पूर्ण वॉश दिला तर ती मरते. साधी सुती चड्डी हे तापमान सोसते. मोडाल आणि नायलॉनच्या लेबलवर बहुतेकदा 30 किंवा 40 लिहिलेलं असतं, आणि लायक्रा उष्णतेने सैल पडतो. म्हणून नायटा बरा होईपर्यंत सुतीच वापरावी. मशीन नसेल तर एक लिटर उकळतं आणि एक लिटर नळाचं पाणी मिसळलं की 60 अंशांच्या आसपास जातं. त्यात साबण घालून, बादली झाकून अर्धा तास भिजवा. पाणी निवत जातं, त्यामुळे मशीनइतकी खात्री नाही; वाळल्यावर शिवणींवरून कडक इस्त्री फिरवा. टॉवेल वेगळा ठेवा आणि औषध त्वचारोगतज्ज्ञाला विचारूनच लावा. दुकानातून आणलेल्या स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने खाज थांबते, पण बुरशी आत पसरत राहते.