आठ सेकंदांचे बारा शब्द

रुग्णालयात विम्याची कॅशलेस सोय कशी वापरायची, हे सांगणारी नव्वद सेकंदांची ॲनिमेशन फिल्म. मूळ इंग्रजी. मराठी निवेदन लिहायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा चित्र लॉक झालेलं होतं, म्हणजे आता एकही फ्रेम इकडची तिकडे होणार नव्हती. जे काही बसवायचं ते शब्दांनीच.

सोबत एक तयार भाषांतरही आलं होतं. मूळ इंग्रजी १९० शब्दांचं, भाषांतर १७० शब्दांचं. शब्द कमी झालेत, तेव्हा आरामात बसेल, असा सगळ्यांचा समज. मी आधी वेळेचा हिशेब मांडला. सुरुवातीच्या लोगोचे तीन सेकंद आणि शेवटच्या लोगोचे पाच वजा केले, की बोलायला उरतात ८२. सहा ठिकाणी दृश्य बदलतं, तिथे अर्धा अर्धा सेकंद श्वासाला. राहिले ७९. इतक्या वेळात १७० शब्द म्हणजे मिनिटाला जवळजवळ १२९.

इंग्रजीत मिनिटाला दीडशे शब्द हा समजावून सांगण्याचा सहज वेग मानतात. मराठीत मी ११० धरते. आपण सावकाश बोलतो म्हणून नव्हे, आपला शब्द लांब असतो म्हणून. इंग्रजीत ज्यासाठी चार-पाच सुटे शब्द लागतात, ते आपण ‘कंपनीच्या प्रतिनिधीशी’ अशा दोनच शब्दांत म्हणतो, पण तोंडाला नऊ उच्चार करावे लागतात. त्यामुळे शब्दसंख्या हा माझा पहिला अंदाज असतो. अडलेल्या वाक्याचे मी उच्चार मोजते. सेकंदाला साधारण पाच उच्चार असतील, तर ऐकणाऱ्याला शांतपणे समजतं. ७९ सेकंदांत माझ्या वाट्याला १४५ शब्द येत होते, आणि तेही दृश्यागणिक वाटलेले. एका दृश्यात उरलेले शब्द दुसऱ्याला उसने देता येत नाहीत.

तिसरं दृश्य आठ सेकंदांचं होतं. आधी हातातला फोन दिसतो आणि बरोबर चौथ्या सेकंदाला विम्याचं कार्ड सरकत येतं. भाषांतरात लिहिलं होतं: ‘रुग्णालयात दाखल झाल्यानंतर २४ तासांच्या आत आपल्या विमा कंपनीच्या प्रतिनिधीशी संपर्क साधून आवश्यक ती सर्व कागदपत्रे सादर करणे बंधनकारक आहे.’ वीस शब्द, पन्नासहून जास्त उच्चार. म्हणजे दहा सेकंदांच्या वरच. शिवाय कार्ड समोर येतं तेव्हा निवेदक अजून प्रतिनिधीपाशीच असणार, आणि ‘कागदपत्रे’ म्हणेपर्यंत कार्ड दिसून बराच वेळ झालेला असणार. माझ्या मते हा दोष वेगापेक्षा वाईट. डोळा एक पाहतो आणि कान दुसरंच ऐकतो, तेव्हा माणसाच्या लक्षात दोन्ही राहत नाही. आणि ही फिल्म पाहणाऱ्याचं माणूस कदाचित आत दाखल असेल.

मी लिहिलं: ‘दाखल झाल्यापासून चोवीस तासांत कंपनीला कळवा. विमा कार्ड आणि ओळखपत्र सोबत ठेवा.’ बारा शब्द. पहिल्या वाक्याचे सोळा उच्चार, म्हणजे सव्वातीन सेकंद. दृश्य उघडल्यावर क्षणभर थांबून सुरुवात करायची आणि पूर्णविरामाला अर्धा सेकंद द्यायचा, की ‘विमा कार्ड’ हे शब्द कार्डाच्या पाठोपाठ पडतात. चित्र आधी आणि त्याचं नाव लगेच मागून, हा क्रम मला सर्वांत बरा वाटतो. दृश्याच्या शेवटी सव्वा-दीड सेकंद मोकळा राहिला. तो मी भरला नाही.

आकड्यांच्या बाबतीत संगणकाची शब्दगणती दगा देते. सुरुवातीच्या काळात एका फिल्ममध्ये मी अकरा अंकी टोल फ्री क्रमांक निवेदनात ठेवला होता. गणतीत तो एक शब्द. निवेदकाने एकेक अंक उच्चारला तेव्हा चार सेकंदांहून जास्त गेले आणि शेवटचे अंक लोगोच्या संगीतावर चढले. एडिटरने श्वास कापून आणि आवाज थोडा घट्ट करून तो बसवला. वेळ जुळली, पण सबंध शेवट धापा टाकत बोलल्यासारखा झाला, आणि ते मला अजून लागतं. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये आकडे अक्षरांत लिहिते. या फिल्ममध्ये क्रमांक पडद्यावर आठवड्याच्या सातही दिवसांच्या चित्रासोबत होताच, म्हणून निवेदनात फक्त ‘या क्रमांकावर फोन करा’ एवढंच ठेवलं.

रेकॉर्डिंगच्या आधी मी फोनवर माझ्या आवाजात गाईड ट्रॅक केला आणि एडिटरला चित्राखाली लावायला दिला. मनातल्या मनात वाचून वेळ लावली तर ती हमखास कमी येते, कारण मनाला श्वास घ्यावा लागत नाही.

स्टुडिओत तिसऱ्या दृश्याचा दुसरा टेक छान बसला. तेवढ्यात क्लायंटचा निरोप आला, ‘कळवा’ आणि ‘ठेवा’ जरा हुकमी वाटतं, ‘कृपया’ घालता येईल का? त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण तो शब्द वाक्याच्या सुरुवातीला घातला असता तर कार्डाची वेळ पुढे सरकली असती. मी निवेदकाला म्हटलं, ‘दादा, ओळखपत्रानंतर घ्या.’ त्यांनी घेतलं: ‘विमा कार्ड आणि ओळखपत्र कृपया सोबत ठेवा.’ मागे राखलेल्या मोकळ्या वेळातला अर्धा सेकंद गेला, आणि कार्ड जागेवर राहिलं.