निम्मं भांडवल गेल्यावर

१८ मे २००९. लोकसभेचे निकाल लागल्यानंतरचा पहिला सोमवार. मुंबई शेअर बाजार उघडताच सेन्सेक्स वरच्या सर्किटला जाऊन धडकला आणि त्या दिवसापुरते व्यवहार थांबवावे लागले. निर्देशांक २,११० अंशांनी वाढून १४,२८४ वर बंद झाला होता. मार्चमध्ये हाच निर्देशांक ८,१६० पर्यंत खाली आला होता. म्हणजे जेमतेम सव्वादोन महिन्यांत बाजार ७५ टक्के वर आला होता.

पण ८ जानेवारी २००८ रोजी, सेन्सेक्स २०,८७३ वर असताना, ज्यांनी पैसे गुंतवले होते त्यांच्या वाट्याला त्या सोमवारीही तोटाच होता. तोही थोडाथोडका नाही, जवळपास ३२ टक्के. घसरण ६१ टक्क्यांची झाली होती आणि वाढ ७५ टक्क्यांची, तरीही हिशेब जुळत नव्हता. तो जुळला नोव्हेंबर २०१० च्या पहिल्या आठवड्यात. ५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या मुहूर्ताच्या सौद्यांत, सेन्सेक्स २१,००५ वर बंद झाला. तळापासून तिथवर पोहोचायला बाजाराला १५७ टक्के वाढावं लागलं होतं.

याचं कारण साधं आहे. तोट्याचे टक्के मोठ्या रकमेवर मोजले जातात आणि वसुलीचे टक्के उरलेल्या लहान रकमेवर. एक लाखाचे ५० हजार झाले, तर पुन्हा एक लाख होण्यासाठी त्या ५० हजारांना आणखी ५० हजार मिळवावे लागतात, म्हणजे शंभर टक्के. किती टक्के वाढ हवी हे काढण्यासाठी गेलेल्या पैशांना उरलेल्या पैशांनी भागायचं. १० टक्के गेले, तर १० भागिले ९०, म्हणजे ११ टक्के. २० गेले तर २५, ५० गेले तर १०० आणि ८० गेले तर ४००. वीस टक्क्यांपर्यंत तोटा आणि वसुली एकमेकांच्या आसपास चालतात. त्यापुढे मात्र त्यांच्यातलं अंतर झपाट्याने वाढत जातं.

उच्चांकापासून झालेल्या अशा घसरणीला ट्रेडिंगच्या भाषेत ड्रॉडाउन म्हणतात. निर्देशांकाचा ड्रॉडाउन कुणाच्याच हातात नसतो. स्वतःच्या खात्यातला ड्रॉडाउन मात्र बऱ्याच अंशी एका निर्णयावर ठरतो: प्रत्येक सौद्यात भांडवलाचा किती हिस्सा पणाला लावायचा?

हा निर्णय किती निर्णायक ठरतो, ते एका काल्पनिक पण नमुनेदार पद्धतीवर तपासता येतं. समजा, एका ट्रेडरचे दहापैकी सरासरी चार सौदे यशस्वी होतात आणि सहा फसतात. फसलेल्या सौद्यात तो जेवढे गमावतो, त्याच्या दुप्पट यशस्वी सौद्यात कमावतो. चार वेळा दोन-दोन रुपये आले आणि सहा वेळा एक-एक रुपया गेला, तर दहा सौद्यांत दोन रुपये शिल्लक राहतात. म्हणजे पद्धत नफ्याची आहे. बाजाराचा कल पाहून सौदे करणाऱ्यांचं यशाचं प्रमाण निम्म्याहून कमी असणं अगदी नेहमीचं आहे.

आता हाच ट्रेडर एक लाख रुपये घेऊन बसला आणि प्रत्येक सौद्यात त्या वेळच्या भांडवलाच्या २ टक्के जोखीम घेतली, तर चार यश आणि सहा अपयशांनंतर त्याच्याकडे साधारण १,०३,६०० रुपये असतील. १० टक्के जोखीम घेतली तर १,१०,२००. इथवर जोखीम वाढवल्याचा फायदा दिसतो. पण २० टक्के घेतली तर हातात उरतात फक्त १,००,७०० रुपये. आणि २५ टक्के घेतली, तर ९०,१०० रुपये. सौदे तेच, यशाचं प्रमाण तेच, नफा-तोट्याचं गुणोत्तरही तेच. बदलला तो फक्त सौद्याचा आकार, आणि नफ्याच्या पद्धतीने भांडवल खायला सुरुवात केली. यश-अपयशाचा क्रम बदलून पाहिला तरी हे आकडे बदलत नाहीत, कारण इथे टक्क्यांची बेरीज होत नसते, गुणाकार होत असतो.

या उदाहरणात दीर्घकाळात सर्वांत वेगाने वाढ देणारा आकार बरोबर १० टक्के येतो. तो काढण्याचं सूत्र अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले संशोधक जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलं. यशाची शक्यता आणि नफा-तोट्याचं गुणोत्तर माहीत असेल, तर भांडवलाचा किती भाग लावावा हे त्यातून मिळतं. मग प्रत्येकाने १० टक्केच का लावू नयेत? त्याचं उत्तर सलग तोट्यांच्या मालिकेत आहे.

दहापैकी सहा सौदे फसत असतील, तर ते शहाण्यासारखे विखरून फसत नाहीत. प्रत्येक सौद्याचा निकाल आधीच्या निकालापासून स्वतंत्र धरला, तर अशा पद्धतीच्या २०० सौद्यांत कुठेतरी सलग आठ किंवा त्याहून जास्त तोटे येण्याची शक्यता ७० टक्क्यांहून अधिक निघते. सलग दहा तोट्यांची शक्यताही तीनात एक याहून थोडी जास्तच आहे. आठवड्याला चार सौदे करणाऱ्याचे २०० सौदे वर्षभरात पुरे होतात. म्हणजे आठ तोट्यांची रांग ही दुर्मीळ आपत्ती नव्हे. पद्धत ठणठणीत असतानाही ती वर्षाकाठी भेटण्याचीच शक्यता जास्त.

सौद्याला १० टक्के लावणाऱ्याचं भांडवल अशा आठ तोट्यांत ५७ टक्क्यांनी घटतं आणि मूळ जागी परतायला त्याला १३२ टक्के कमवावे लागतात. २ टक्के लावणारा त्याच आठ तोट्यांनंतर १५ टक्के खाली असतो आणि साडेसतरा टक्क्यांत सावरतो. त्यात आणखी एक अडचण अशी, की यशाचं प्रमाण ४० टक्के आहे हे प्रत्यक्षात कुणाला नेमकं ठाऊक नसतं. तो मागच्या नोंदींवरून बांधलेला अंदाज असतो. खरं प्रमाण ३५ टक्के निघालं, तर केलींच्या सूत्रानुसार योग्य आकार १० वरून थेट अडीच टक्क्यांवर येतो. म्हणून जाणकार केलींच्या आकड्याच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली राहतात, आणि सौद्यामागे एक-दोन टक्क्यांची प्रथा रुळली आहे.

शिकागोतले वायदे बाजारातले ट्रेडर रिचर्ड डेनिस यांनी १९८३ मध्ये नवख्या लोकांना ट्रेडिंग शिकवण्याचा एक प्रयोग सुरू केला. त्या शिष्यांना 'टर्टल्स' हे नाव पडलं. त्यांच्या नियमांत सौद्यामागची जोखीम भांडवलाच्या २ टक्क्यांपर्यंत बांधलेली होती. तोट्याच्या काळासाठी वेगळा नियम होता: खातं १० टक्के खाली आलं, की भांडवल २० टक्क्यांनी कमी आहे असं समजून सौदे करायचे. दहा लाखांचे नऊ लाख झाले, तर आठ लाख आहेत असं धरूनच पुढच्या सौद्याचा आकार ठरवायचा. याने वसुली मंदावते, पण तोट्यांची रांग लांबली तर खातं तग धरतं. तोट्यानंतर रक्कम दुप्पट करून एका फटक्यात भरपाई करण्याचा मोह याच्या अगदी उलट दिशेने नेतो.

प्रत्यक्षात सौद्याचा आकार असा काढतात. भांडवल पाच लाख आणि जोखीम एक टक्का, म्हणजे एका सौद्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये जाऊ द्यायचे. शेअर ८०० रुपयांना घ्यायचा आहे आणि अंदाज चुकला असं ७६० ला मानायचं, म्हणजे तिथे स्टॉप लॉस. एका शेअरमागे जोखीम ४० रुपयांची. ५,००० भागिले ४०, म्हणजे १२५ शेअर. गुंतवणूक होते एक लाखाची, पण पणाला लागतात पाच हजार. अनेकजण उलट करतात. आधी किती शेअर घ्यायचे ते ठरवतात आणि मग परवडेल तिथे स्टॉप लॉस ओढून आणतात. त्यामुळे बाजाराच्या साध्या चढउतारातही सौदा कापला जातो आणि तोट्यांची रांग आणखी लांबते.

हे गणित एका गृहीतकावर उभं आहे: स्टॉप लॉस ठरलेल्या भावाला लागेल. ७ जानेवारी २००९ रोजी 'सत्यम'चे रामलिंग राजू यांनी हिशेबातल्या फेरफाराची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशांहून जास्त कोसळला. भाव असा कोसळतो तेव्हा ठरलेल्या किमतीला घेणारा सापडेलच असं नसतं. वरच्या उदाहरणातले एक लाखाचे शेअर असे कोसळले, तर ५,००० ऐवजी ७५,००० रुपये जातात, म्हणजे भांडवलाचे १५ टक्के. म्हणून जोखमीच्या मर्यादेबरोबरच एका शेअरमध्ये एकूण किती रक्कम ठेवायची, यालाही वेगळी मर्यादा लागते. चार बँकांच्या शेअरमध्ये एकेक टक्का लावणं हेही स्वतंत्र चार सौदे नसतात. व्याजदराच्या एका बातमीने चारही एकत्र पडू शकतात, तेव्हा ती जोखीम चार टक्क्यांची एकच समजावी लागते.

छोट्या भांडवलाच्या ट्रेडरची सर्वांत मोठी अडचण फ्युचर्समध्ये दिसते. सेबीने ऑक्टोबर २०२४ मध्ये निर्देशांकांच्या वायदे करारांचं किमान मूल्य वाढवून १५ लाख रुपये केलं आणि ते नोव्हेंबरपासून नव्या करारांना लागू झालं. एवढ्या किमतीच्या एका लॉटमध्ये निर्देशांक फक्त एक टक्का विरुद्ध गेला, तरी १५,००० रुपये जातात. पाच लाखांच्या खात्यात हे तीन टक्के झाले, आणि लॉटचे तुकडे करता येत नाहीत. इतक्या जवळच्या स्टॉप लॉससह एक टक्क्याचा नियम पाळायचा, तर खात्यात १५ लाख हवेत. स्टॉप लॉस दोन टक्क्यांवर ठेवायचा, तर ३० लाख. ऑप्शन विकत घेणाऱ्याला हा आकडा लहान वाटतो, पण मुदतीअखेर प्रीमियम शून्यावर जाऊ शकतो. म्हणून त्याने पूर्ण प्रीमियमच जोखीम म्हणून मोजायला हवा. पाच लाखांवर एक टक्का, म्हणजे एका सौद्यात एकूण ५,००० रुपयांचा प्रीमियम. एवढ्यात लॉट बसत नसेल, तर त्या खात्यासाठी तो सौदा मोठा आहे. त्याच निर्देशांकाचा ईटीएफ मात्र एकेका युनिटने घेता येतो आणि तिथे पाच लाखांच्या खात्यालाही एक टक्क्याचा हिशेब नीट बसवता येतो.