चलनावर बारा, उतरली अकरा

टेम्पो गेटवर उभा असतो, ड्रायव्हरला पुढच्या तीन ठिकाणी माल द्यायचा असतो आणि तो चलनाची पोचप्रत पुढे करून म्हणतो, "भाऊ, राहिलेलं खोकं उद्याच्या गाडीत येतंय, सही तेवढी करा." स्टोअर सांभाळणारा माणूस सही करतो. महिन्याभराने बिलाची रक्कम मागायला फोन येतो आणि मग 'ते खोकं आलंच नव्हतं' हे सांगायला गेल्यावर समोरून एकच उत्तर येतं : पोच तुमच्या सहीची आहे.

माल कमी येणं हा लबाडीचाच प्रकार असतो असं नाही. गोदामात खोकी मोजताना चूक होते, वाटेत गाडी बदलताना एखादा नग मागे राहतो, फुटकळ गिऱ्हाइकासाठी फोडलेलं खोकं पुन्हा चिकटवून पूर्ण म्हणून पाठवलं जातं. पुरवठादार चांगला असला तरी हे घडतं, आणि चांगला असेल तर तो भरूनही देतो. पण नेमकं काय कमी आलं, ते कुठे कमी झालं आणि घेणाऱ्याला आता काय हवं आहे, हे त्याला स्पष्ट कळायला हवं. बहुतेक तक्रारी रेंगाळतात त्या यांतलं काहीतरी मोघम राहिल्यामुळे.

एक उदाहरण धरून चालू. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला एक फॅब्रिकेशन कारखाना पुण्याच्या व्यापाऱ्याकडून 12 मिलिमीटर जाडीचे, 50 मिलिमीटर लांबीचे 6,000 बोल्ट मागवतो. एका खोक्यात 500, म्हणजे 12 खोकी. दर नगाला 6 रुपये. मालाचे 36,000 आणि 18 टक्के जीएसटीचे 6,480 मिळून बिल 42,480 रुपयांचं. चलनावर 12 खोकी लिहिली आहेत. गाडीतून 11 उतरतात. त्यांतल्या एका खोक्यावर कंपनीच्या छापील पट्टीवरून साधी तपकिरी पट्टी मारलेली दिसते.

इथे सहीआधी तीन कागद शेजारी ठेवायचे : आपली ऑर्डर, पुरवठादाराचं चलन आणि वाहतूकदाराची पावती, जिला कुणी बिल्टी म्हणतं, कुणी एलआर. या तिसऱ्या कागदाकडे फारसं कुणी बघत नाही, आणि तूट कुणाच्या पदरात जाते ते मात्र तोच सांगतो. बिल्टीवर 12 नग असतील, तर पुण्याच्या गोदामातून 12 नग वाहतूकदाराच्या ताब्यात गेले होते आणि एक वाटेत हरवला. बिल्टीवर 11 असतील, तर बारावं खोकं गाडीत चढलंच नाही. चलन ऑर्डर बघून लिहिलं गेलं, माल बघून नाही. आपल्या उदाहरणात बिल्टीवर 11 आहेत. म्हणजे एका खोक्याचा जबाब पुरवठादाराने द्यायचा आहे, ड्रायव्हरशी वाद घालण्यात अर्थ नाही.

बिल्टीवर 12 असते तर पुरवठादाराला कळवण्याबरोबरच वाहतूकदारालाही लेखी नोटीस द्यावी लागली असती. 2007 च्या रस्तेवाहतूक कायद्याप्रमाणे ही नोटीस माल बुक झाल्याच्या तारखेपासून 180 दिवसांत गेली नाही, तर वाहतूकदारावर दावाच लावता येत नाही. भाडं कुणी भरलं आणि माल कुणाच्या जोखमीवर निघाला, यावरून पुरवठादार 'आमची जबाबदारी गाडीत भरेपर्यंत' असंही म्हणू शकतो. त्याचं हे म्हणणं नेहमी चुकीचं नसतं; म्हणून 'माल पोच आमच्या गेटवर' ही अट ऑर्डरमध्येच लिहिलेली बरी.

आता शेरा. तो आपल्या वहीत लिहून भागत नाही, ड्रायव्हर परत नेणार त्या पोचप्रतीवर तो उमटला पाहिजे. 'माल कमी आला' एवढं लिहिणंही अपुरं. असं लिहावं : '12 पैकी 11 खोकी मिळाली. एका खोक्यावर दुसरी पट्टी. आतील नग मोजलेले नाहीत.' खाली वेळ, गाडीचा नंबर, आपली सही आणि ड्रायव्हरचीही सही. ड्रायव्हर सही करायला तयार नसेल, तर तेही लिहावं आणि प्रतीचा फोटो काढून ठेवावा. शेवटचं वाक्य सगळ्यात उपयोगाचं आहे. बंद खोक्यातले नग गेटवर मोजता येत नाहीत, आणि ते न मोजता 'पूर्ण मिळाले' म्हणून केलेली सही पुढे आड येते.

गेटवर खोकी मोजली, नग मात्र स्टोअरमध्ये मोजायचे. सहा हजार बोल्ट कुणी हाताने मोजत बसत नाही. वजनावर अंदाज घेतात. शंभर बोल्ट मोजून काट्यावर टाकले, वजन साडेपाच किलो भरलं, म्हणजे नग 55 ग्रॅमचा. नमुना मात्र शंभराचाच घ्यावा. दहाच बोल्ट टाकले आणि काट्याने 20 ग्रॅम इकडेतिकडे दाखवले, तर 500 नगांच्या खोक्यात 18 नगांची चूक होते, आणि तेवढ्यावरून निघालेली तक्रार पुरवठादार सहज मोडून काढतो. दहा खोकी प्रत्येकी 27.9 किलोच्या आसपास भरली. त्यात 400 ग्रॅम खोक्याचे. पट्टी मारलेलं खोकं 21.85 किलो भरलं. सहा किलो पन्नास ग्रॅमचा फरक म्हणजे साधारण 110 बोल्ट.

या आकड्यावर लगेच पत्र लिहू नये. वेगळ्या लॉटच्या मालाचं वजन थोडं वेगळं असू शकतं, त्यामुळे वजनाने फक्त कोणतं खोकं उघडायचं ते कळतं. ते उघडून नग हाताने मोजायचे, शक्यतो दोघांनी, आणि उघडण्याआधी पट्टीचा व लेबलचा फोटो घ्यायचा. आपल्या खोक्यात 390 निघाले. म्हणजे न आलेल्या खोक्याचे 500 आणि या खोक्यातले 110 मिळून तूट 610 नगांची. मिळाले 5,390. आवक नोंद याच आकड्याची करायची. चलनाचा आकडा नोंदीत चढवून 'बाकी येईल तेव्हा बघू' म्हटलं, की स्टोअरचा साठा कागदावर जास्त आणि रॅकवर कमी होतो.

हे कळवायचं त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. कारण सोपं आहे : पुण्याच्या गोदामात ते बारावं खोकं अजून पडलेलं असण्याची शक्यता आज सगळ्यात जास्त आहे. चार दिवसांनी ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला गेलेलं असेल आणि व्यापाऱ्याला स्वतःचा साठा जुळवून बघायचा मार्ग उरणार नाही. त्याशिवाय पुरवठादार लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या कायद्याप्रमाणे लेखी हरकतीसाठी माल मिळाल्यापासून 15 दिवस आहेत. तेवढ्यात हरकत गेली नाही, तर माल स्वीकारला असं धरलं जातं आणि पैसे देण्याची मुदत माल मिळाल्याच्या दिवसापासूनच मोजली जाते. फोन करावाच, पण फोनवरचं बोलणं त्याच दिवशी लेखी गेलं पाहिजे. पत्र लांबलचक नको :

'सप्रेम नमस्कार. आपल्या आजच्या चलनाप्रमाणे 6,000 बोल्ट, 12 खोकी अपेक्षित होती. प्रत्यक्षात 11 खोकी मिळाली. बिल्टीवरही 11 नगच आहेत. एका खोक्यात 500 ऐवजी 390 बोल्ट निघाले. त्यावर दुसरी पट्टी होती. एकूण मिळाले 5,390, कमी 610. पोचप्रतीवरील शेरा, वजन आणि खोक्याचे फोटो सोबत जोडले आहेत. कृपया उरलेले 610 नग येत्या शनिवारपर्यंत पाठवावेत. तोपर्यंत पाठवणे शक्य नसल्यास 610 नगांची करासह क्रेडिट नोट द्यावी. 5,390 नगांची रक्कम ठरल्या मुदतीत देत आहोत. आपला साठा एकदा तपासून कळवावे.'

चलनाचा, बिलाचा आणि ऑर्डरचा क्रमांक वर विषयात घालायचा. आणि रकमेबद्दलचं वाक्य गाळू नये. 610 बोल्टसाठी 42,480 चं सगळं बिल अडवून धरणं ही गिऱ्हाइकांची नेहमीची खोड आहे, आणि ती अन्यायाची आहे. 1930 च्या मालविक्री कायद्यात याचा निवाडा आहे : ठरल्यापेक्षा कमी माल आला तर घेणारा तो सगळा नाकारू शकतो, पण ठेवून घेतला तर ठेवलेल्या मालाचे पैसे ठरल्या दराने द्यावे लागतात. इथे ते 38,161 रुपये 20 पैसे होतात. ते वेळेवर गेले, की उरलेल्या 4,318 रुपये 80 पैशांबद्दल समोरचा माणूस नीट बोलतो.

बाकी माल मागायचा की क्रेडिट? काम अडलेलं असेल तर माल. मात्र तो फक्त चलनावर यावा आणि त्या चलनावर मूळ बिलाचा क्रमांक असावा. व्यापाऱ्याकडच्या नव्या मुलाने सवयीने 610 नगांचं नवं बिल फाडलं, तर एकाच मालाचे दोनदा पैसे लागतात. माल लांबत चालला, तर करातही अडचण येते. जीएसटीत न मिळालेल्या मालावर इनपुट क्रेडिट घेता येत नाही, आणि एका बिलाचा माल हप्त्याने येत असेल तर शेवटचा हप्ता आल्यावरच ते घेता येतं. म्हणून पत्रात दिवस ठरवून द्यायचा आणि तो टळला की क्रेडिट मागायचं.

काही व्यापारी आधी चलनावर माल पाठवतात आणि बिल मागून करतात. तिथे तर काम फारच सोपं : 'बिल 5,390 नगांचंच करा' एवढं बिलाआधी कळवलं की क्रेडिट नोट लागतच नाही. बिल आधीच झालेलं असेल, तर क्रेडिट नोट पुरवठादारानेच द्यावी लागते. आपण आपल्या खात्यात डेबिट नोट टाकली, तर ती आपल्या हिशेबाची नोंद झाली. त्याचा जीएसटी तेवढ्याने कमी होत नाही. त्याने दिलेली नोट त्याच्या विवरणात गेली की ती आपल्या जीएसटीआर-2बी मध्ये दिसते, आणि आपण सगळा कर आधीच वजा घेतला असेल तर तेवढा परत करायचा. अशा नोटवर कर कमी करायला पुरवठादाराला ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच वेळ असतो, आणि वार्षिक विवरण त्याआधी भरलं तर तेवढाही नाही. मार्चच्या तुटीचा विषय दिवाळीनंतर काढला, तर बऱ्याचदा हाच दरवाजा बंद झालेला असतो.

नोट हाती आली की तिच्यावरची रक्कम बघावी. 610 नगांचे 3,660 रुपये एवढीच लिहिली असेल, तर त्यावरचे 658 रुपये 80 पैसे राहून गेले आहेत. नोट परत पाठवून करासह मागावी, आणि आवक वहीतली बाकी तोपर्यंत उघडी ठेवावी.